धूर दिसला, आग कुठे? : कोल्चिसिन आणि सीआरपीच्या पुराव्याचे वाचन

गेल्या जानेवारीत माझ्या साडूंचा फोन आला. वय त्रेसष्ट, दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालेली, गोळ्या वेळच्या वेळी घेणारे आणि प्रत्येक रिपोर्ट प्लास्टिकच्या पिशवीत तारीखवार लावून ठेवणारे गृहस्थ. कुठल्याशा पॅकेजमध्ये त्यांनी रक्ततपासणी करून घेतली होती आणि त्यात ‘हाय सेन्सिटिव्हिटी सीआरपी’ या ओळीपुढे ६.४ हा आकडा ठळक अक्षरांत छापून आला होता. कोलेस्टेरॉल मात्र उत्तम. “अहो, तुम्ही एवढं वाचत असता, मग सांगा,” ते म्हणाले, “आमच्या शेजारच्यांना वातरक्ताची गोळी हृदयासाठी दिलीय म्हणे. माझाही आकडा वाढलाय. मी घेऊ का?”

मी डॉक्टर नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. वैद्यकीय शोधनिबंध वाचायची सवय वडिलांच्या आजारपणात लागली आणि पुढे सुटली नाही. त्यामुळे ‘घ्या’ किंवा ‘घेऊ नका’ असे उत्तर देण्याचा अधिकार मला नव्हता, तो त्यांच्या डॉक्टरांचा. पण ‘हा आकडा आणि ही गोळी यांचा एकमेकांशी नेमका काय संबंध सिद्ध झाला आहे?’ हा प्रश्न वाचणाऱ्या माणसाचा आहे, आणि तो मला सोडवेना. मूळ निबंध काढून बसलो. हा लेख म्हणजे त्या वाचनाचा हिशेब.

आधी आकड्याविषयी. सीआरपी, म्हणजे सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन, १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये टिलेट आणि फ्रान्सिस यांना सापडले. न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात असे काहीतरी होते, जे त्या जंतूच्या ‘सी’ नावाच्या घटकाला धरून बसत होते. आजार उतरला की ते नाहीसे होई. हे प्रथिन यकृतात तयार होते आणि ते तयार करण्याचा हुकूम येतो तो मुख्यतः इंटरल्यूकिन-६ या निरोप्याकडून. शरीरात कुठेही दाह झाला, म्हणजे जंतुसंसर्ग, जखम, सुजलेली हिरडी, सांध्याचा आजार, नुसते पोटाभोवतीचे मेद, तरी यकृत हे प्रथिन सोडते. आग कुठे लागली आहे, हे त्यावरून कळत नाही. कळतो तो फक्त धूर.

१९९७ साली बॉस्टनच्या पॉल रिडकर यांनी दाखवले, की वरवर निरोगी दिसणाऱ्या पुरुषांतही ज्यांचे सीआरपी थोडे चढे असते त्यांना पुढे हृदयविकाराचा झटका येण्याची शक्यता जास्त असते. यासाठी नेहमीच्या तपासणीपेक्षा बारीक मोजमाप लागते, म्हणून ‘हाय सेन्सिटिव्हिटी’. लिटरमागे १ मिलिग्रॅमच्या खाली धोका कमी, ३ च्या वर जास्त, अशी पुढे विभागणी झाली. हा संबंध नंतर पुष्कळ देशांत, पुष्कळ लोकांत पुन्हा दिसला. त्याविषयी आता वाद नाही. वाद पुढच्या पायरीचा आहे: धूर कमी केला तर आग कमी होते का?

या पायरीवर पहिला मोठा घोळ २००८ च्या ‘ज्युपिटर’ चाचणीने घातला, असे माझे मत आहे. कोलेस्टेरॉल फारसे नाही पण सीआरपी २ किंवा जास्त, अशा १७,८०२ लोकांना घेऊन निम्म्यांना रोसुव्हास्टॅटिन दिले. झटके आणि तत्सम घटना ४४ टक्क्यांनी घटल्या. मोठा गाजावाजा झाला. पण या औषधाने सीआरपी उतरवले तसेच वाईट कोलेस्टेरॉलही निम्म्यावर आणले, मग श्रेय कोणाला? शिवाय सीआरपी कमी असलेल्यांचा गट या चाचणीत घेतलाच नव्हता. त्यांनाही तेवढाच फायदा झाला नसता, हे कशावरून? ज्याची तुलनाच केली नाही, त्याविषयी निष्कर्ष काढला गेला. सीआरपीच्या या वापराच्या पेटंटमध्ये रिडकर यांचे नाव आहे, हे त्यांनी स्वतः निबंधांत नोंदवले आहे. त्यामुळे त्यांचे काम खोटे ठरत नाही. आपण मात्र जरा सावकाश वाचावे, एवढेच.

दरम्यान जनुकशास्त्रज्ञांनी एक सुंदर आडवाट शोधली. काही लोकांत जन्मतःच सीआरपी थोडे जास्त तयार होते, कारण त्यांच्या त्या जनुकाची ठेवण तशी असते. सीआरपीच गुन्हेगार असेल तर या लोकांना झटके जास्त यायला हवेत. तसे दिसले नाही. उलट इंटरल्यूकिन-६ चा निरोप ज्यांच्यात जन्मतः क्षीण पोहोचतो, त्यांच्यात हृदयविकार थोडा कमी आढळला. म्हणजे आग वरच्या अंगाला आहे आणि सीआरपी खाली येणारा धूर आहे. ज्या कोणाला ‘सीआरपी उतरवणारा’ काढा किंवा कॅप्सूल विकली जाते, त्याने ही एक गोष्ट लक्षात ठेवली तरी पैसे वाचतील.

आगीवर थेट पाणी ओतून पाहण्याचा पहिला स्वच्छ प्रयोग २०१७ चा ‘कँटॉस’. आधी झटका येऊन गेलेले आणि सीआरपी २ किंवा त्याहून अधिक असलेले १०,०६१ रुग्ण. औषध कॅनाकिनुमॅब, दर तीन महिन्यांनी एक इंजेक्शन, जे इंटरल्यूकिन-१ बीटा या आणखी वरच्या निरोप्याला अडवते. कोलेस्टेरॉलला ते हात लावत नाही. म्हणूनच हा प्रयोग महत्त्वाचा: इथे श्रेयाची वाटणी करावी लागत नाही. मधल्या मात्रेत झटका, पक्षाघात किंवा हृदयमृत्यू यांचे प्रमाण १५ टक्क्यांनी घटले. साध्या भाषेत, शंभर रुग्णांमागे वर्षाला साडेचार घटना घडत होत्या, त्या चारच्या जरा खाली आल्या. पण जंतुसंसर्गाने होणारे मृत्यू वाढले आणि एकूण मृत्यूंत फरक पडला नाही. औषध अतिशय महाग. अमेरिकेच्या औषध नियामकाने या उपयोगासाठी परवानगी दिली नाही. तरी एक गोष्ट सिद्ध झाली, की दाह हा हृदयविकाराचा केवळ साक्षीदार नाही, त्याचा हातही त्यात आहे.

पुढच्याच वर्षी मेथोट्रेक्सेटची चाचणी झाली. संधिवाताला दिले जाणारे हे स्वस्त औषध हृदयाच्या कामी काहीच आले नाही. त्याने इंटरल्यूकिन-१, इंटरल्यूकिन-६ किंवा सीआरपी यांपैकी काहीच उतरले नव्हते. म्हणजे ‘दाहशामक’ ही पाटी पुरेशी नाही, कोणता दाह आणि कोणत्या वाटेने हे महत्त्वाचे. इथून सगळ्यांचे लक्ष एका जुन्या, स्वस्त गोळीकडे वळले.

ती गोळी आपल्याला तशी अनोळखी नाही. पावसाळ्यात कोकणात आणि घाटात कुंपणावर लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलणारी कळलावी पाहिली असेल. बाळंतिणीला कळा याव्यात म्हणून तिचा कंद वापरत, म्हणून ते नाव, आणि त्या कंदाने माणसे दगावली आहेत तीही त्यातल्याच कोल्चिसिनमुळे. युरोपात हेच द्रव्य दुसऱ्या एका फुलझाडाच्या कंदातून वातरक्तावर वापरत. १८२० साली फ्रान्समध्ये ते वेगळे काढले गेले. आज दुकानात मिळणारी अर्ध्या मिलिग्रॅमची गोळी तीच.

हे औषध पेशींच्या आतला सांगाडा घडवणाऱ्या ट्युब्युलिनला चिकटते. हा सांगाडा नीट उभा राहिला नाही की पांढऱ्या पेशींना सरपटत दाहाच्या जागी जाता येत नाही. शिवाय पेशीतली ‘इन्फ्लमासोम’ नावाची जोडणी, जी इंटरल्यूकिन-१ बीटा बाहेर सोडते, तीही मंदावते. वातरक्तात ही जोडणी युरिक आम्लाच्या स्फटिकांनी चेतते. धमनीच्या भिंतीत कोलेस्टेरॉलचेही स्फटिक होतात आणि तेही तीच जोडणी चेतवतात, हे २०१० साली दाखवले गेले. वातरक्ताची गोळी हृदयाला का, याचे उत्तर इथे आहे. तर्क अगदी सुबक आहे. पण सुबक तर्काचे औषधशास्त्रात पुष्कळदा हसे झाले आहे, म्हणून चाचण्या पाहायच्या.

सुरुवात २०१३ साली ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये झाली. ५३२ स्थिर रुग्ण, घटनांचे प्रमाण १६ टक्क्यांवरून ५.३ वर. एवढा फरक पाहून आनंदापेक्षा संशय यावा. निष्प्रभ गोळी नव्हतीच, कोण काय घेतो हे रुग्णांना ठाऊक होते. खरी कसोटी २०१९ च्या ‘कोलकॉट’ची. माँट्रियलच्या तार्दिफ यांनी, झटका येऊन तीस दिवसांच्या आत असलेले ४,७४५ रुग्ण घेतले. निम्म्यांना रोज अर्धा मिलिग्रॅम कोल्चिसिन, निम्म्यांना तशीच दिसणारी निष्प्रभ गोळी. सुमारे दोन वर्षांनी घटना ७.१ टक्क्यांऐवजी ५.५ टक्के. बातमी झाली: ‘हृदयघटना २३ टक्क्यांनी घटल्या.’

इथे थांबून मूळ तक्ता वाचायला हवा, कारण ‘घटना’ या एका शब्दात पाच वेगवेगळ्या गोष्टी कोंबल्या आहेत. निष्प्रभ गोळीच्या गटात एकूण १७० जणांना काही ना काही झाले, कोल्चिसिनच्या गटात १३१ जणांना. फरक ३९ चा. आता आत डोकवा. हृदयमृत्यू २४ आणि २०, फरक चार. झटका ९८ आणि ८९, फरक नऊ, जो योगायोगाचाही असू शकतो. पक्षाघात १९ आणि ५, फरक चौदा. छातीत दुखून तातडीने दाखल होऊन धमनी उघडावी लागणे ५० आणि २५, फरक पंचवीस. एकाच रुग्णाला दोन गोष्टी होऊ शकतात म्हणून बेरीज तंतोतंत जुळत नाही, पण यशाचा भार कशावर आहे ते दिसते. ज्या झटक्यासाठी आपण गोळी घेऊ म्हणतो, तो जेमतेम हलला. यश आले ते पक्षाघात आणि तातडीची दाखल यांतून. पैकी पक्षाघाताचे आकडे इतके लहान आहेत, की चार-पाच जण इकडचे तिकडे झाले तरी चित्र बदलते.

आणि सीआरपी? तो तर या निबंधाचा सर्वांत दुर्लक्षित परिच्छेद आहे. केवळ २०७ रुग्णांत ते मोजले. सहा महिन्यांत कोल्चिसिन गटात ७० टक्क्यांनी उतरले, आणि निष्प्रभ गोळीच्या गटात ६६.६ टक्क्यांनी. झटक्याने हृदयाचा स्नायू जखमी होतो तेव्हा सीआरपी उसळते आणि जखम भरली की आपोआप उतरते. गोळीने त्यात नोंद घेण्याजोगी भर घातली नव्हती. म्हणजे घटना घटल्या, पण सीआरपीत फरक नाही.

२०२० ची ‘लोडोको-२’ ही मला त्यातल्या त्यात भक्कम वाटते. ऑस्ट्रेलिया आणि नेदरलँड्समधले ५,५२२ स्थिर रुग्ण, म्हणजे माझ्या साडूंसारखे. इथे झटकेच ११६ वरून ८३ वर आले. हजार जणांनी अडीच वर्षांच्या आसपास गोळी घेतली तर बारा झटके वाचले, असा त्याचा अर्थ. पण दोन गोष्टी नोंदवून ठेवल्या पाहिजेत. पहिली, चिठ्ठ्या टाकण्यापूर्वी सगळ्यांना महिनाभर गोळी देऊन पाहिली होती, आणि जे पुढे गेले नाहीत, साधारण पंधरा टक्के, त्यांतले बरेच पोट बिघडल्यामुळे गळाले. उरले ते सोसणारे. दुसरी, हृदयाखेरीज इतर कारणांनी झालेले मृत्यू कोल्चिसिन गटात थोडे जास्त होते. फरक योगायोगाच्या सीमेवरचा होता, पण कोणाचीही झोप उडावी असा. या बळावर २०२३ साली अमेरिकेत गोळीला हृदयासाठी परवानगी मिळाली, युरोपीय मार्गदर्शक सूचनांनीही तिला जागा दिली.

मग २०२४ च्या नोव्हेंबरात ‘क्लिअर सिनर्जी’ आली. कॅनडातल्या हॅमिल्टनच्या संजित जॉली यांच्या नेतृत्वाखाली, चौदा देश, ७,०६२ रुग्ण, झटक्यानंतर लगेच गोळी सुरू, सुमारे तीन वर्षे पाठपुरावा. आधीच्या सगळ्या हृदयचाचण्यांपेक्षा मोठी. निकाल ९.१ टक्के विरुद्ध ९.३ टक्के. झटके, पक्षाघात, मृत्यू, काहीच हलले नाही. जुलाब मात्र वाढले. एक दिलासा असा, की इतर कारणांचे मृत्यू इथे वाढले नाहीत, उलट थोडे कमीच होते, त्यामुळे लोडोको-२ मधली ती भीती बरीचशी ओसरली.

आणि इथेच सीआरपीचा दुसरा फटका. क्लिअरमध्ये तीन महिन्यांनी मोजलेले सीआरपी कोल्चिसिन गटात लिटरमागे १.२८ मिलिग्रॅमने कमी होते, म्हणजे गोळी पोटात जात होती आणि आपले काम करत होती. एका चाचणीत घटना उतरल्या, सीआरपीत फरक नाही. दुसरीत सीआरपी उतरले, घटनांत फरक नाही. कोलकॉटमधले मोजमाप लहान गटातले होते हे मान्य करूनही, हे दोन निबंध शेजारी ठेवल्यावर ‘आकडा उतरला, म्हणजे धोका उतरला’ असे कोल्चिसिनच्या बाबतीत म्हणायला जागा उरत नाही.

क्लिअरच्या बचावात बरेच लिहिले गेले. चाचणी करोनाच्या काळातून गेली, त्यामुळे रुग्णालयात दाखल होणे आणि घटनांची नोंद दोन्ही विस्कटले. साधारण चौथ्या हिश्श्याच्या रुग्णांनी गोळी सोडली. मात्रा मध्येच बदलली, आधी दिवसातून दोनदा, मग एकदा. या सगळ्यात तथ्य आहे. पण गोळी सोडण्याचे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच होते, आणि सीआरपी उतरले होते. ‘रुग्णांनी औषध घेतलेच नाही’ हे म्हणणे त्यापुढे टिकत नाही. मला अधिक पटणारे स्पष्टीकरण वेगळे आहे. ताज्या झटक्यात दाह हा जखम भरण्याचाही भाग असतो. जुन्या, शांत रुग्णाच्या धमनीत धुमसणारा दाह ही निराळी गोष्ट. लोडोको-२ ने दुसऱ्या प्रकारात फायदा दाखवला, क्लिअरने पहिल्यात नाही. मात्र कोलकॉटही पहिल्याच प्रकारातली होती, त्यामुळे हेही कोडे पूर्ण सुटत नाही. सर्व चाचण्या एकत्र करून मांडलेली गणिते आजही झटके आणि पक्षाघात थोडे घटतात, मृत्यू घटत नाहीत, असे सांगतात. त्या बेरजेत जुन्या लहान चाचण्यांचे उत्साही आकडेही मिसळलेले आहेत.

आता साडूंच्या प्रश्नाचा गाभा. ‘सीआरपी वाढले म्हणून कोल्चिसिन’ हे सूत्र कुठल्या चाचणीतून आले? कोलकॉट, लोडोको-२, क्लिअर, तिन्हींत सीआरपी किती आहे ते पाहून रुग्ण निवडलेच नव्हते. ते कँटॉसमध्ये निवडले होते, पण तिथले औषध वेगळे. २ किंवा जास्त सीआरपी असलेलेच रुग्ण घेऊन कोल्चिसिन दिले ते चीनमधल्या पक्षाघाताच्या ‘चान्स-३’ चाचणीत, आठ हजारांहून अधिक जणांना, नव्वद दिवस. फरक शून्य. पक्षाघात आणि हृदय वेगळे, नव्वद दिवस थोडे, हे खरे. पण बाजूने दाखवायला तेवढेही नाही. एका चाचणीतला आकडा आणि दुसऱ्या चाचणीतली गोळी जोडून हे सूत्र तयार झाले आहे.

कँटॉसमधून नंतर काढलेले एक विश्लेषण वारंवार पुढे केले जाते: इंजेक्शननंतर ज्यांचे सीआरपी २ च्या खाली गेले त्यांना २५ टक्के फायदा, इतरांना जवळजवळ नाही. दिसायला निर्णायक. पण चिठ्ठ्या टाकल्या होत्या औषधासाठी, सीआरपी उतरण्यासाठी नव्हे. ज्यांचे चटकन उतरले ते मुळातच बारीक, न धूम्रपान करणारे, कमी आजारी असण्याचा संभव मोठा. गणिताने असे फरक समतोल करण्याचा प्रयत्न त्यांनी केला आहे, पण जे मोजलेच नाही ते समतोल कसे करणार?

मी साडूंना पहिला प्रश्न विचारला तो या सगळ्याआधीचा होता: “तपासणीच्या वेळी काही दुखत होतं का?” जरा वेळ थांबून ते म्हणाले, “दाढ. त्याच आठवड्यात दाढ ठणकत होती.” सीआरपीचा धोका ठरवायचा तर अंगात ताप, संसर्ग, जखम काही नसताना, दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा मोजून सरासरी घ्यावी, हे २००३ पासून सांगितले गेले आहे. १० च्या वर गेला तर तो आकडा धोक्यासाठी बाजूला ठेवून आधी संसर्ग शोधावा. एकक पाहावे, कारण काही प्रयोगशाळा डेसिलिटरमध्ये छापतात आणि आकडा दहापट वेगळा दिसतो. पॅकेजच्या रिपोर्टवर यातले काहीच नव्हते. होता तो ठळक ठसा आणि शेजारी ‘उच्च धोका’.

दुसरा प्रश्न, इतर औषधे कोणती? हा कोल्चिसिनच्या बाबतीत जिवाशी गाठ असलेला प्रश्न आहे. गुणकारी मात्रा आणि घातक मात्रा यांत फार अंतर नाही. क्लॅरिथ्रोमायसिनसारखे प्रतिजैविक सोबत घेतले तर यकृत आणि आतडे कोल्चिसिन बाहेर टाकू शकत नाहीत. रोजची साधी गोळी मग विष होते, आणि मूत्रपिंड अशक्त असेल तर अधिकच लवकर. अशा मृत्यूंच्या नोंदी आहेत. चाचण्यांत असे रुग्ण वगळलेले असतात. आपल्याकडे मात्र खोकल्याला प्रतिजैविक दुकानातूनच येते, आणि दुकानदाराला गिऱ्हाइकाच्या खिशातली दुसरी गोळी ठाऊक नसते.

साडूंनी दाढ काढून घेतली. मार्चमध्ये आणि पुन्हा दोन आठवड्यांनी तपासणी केली: २.१ आणि १.७. मूत्रपिंडाचा आकडा ठीक होता. दोन्ही कागद आणि माझी दोन पानी टिपणे घेऊन ते आपल्या हृदयतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी लोडोको-२ चे नाव काढताच डॉक्टर हसले म्हणे, आणि मग पाच मिनिटांऐवजी वीस मिनिटे बोलले. गोळी त्यांनी नाकारली नाही आणि लिहूनही दिली नाही. आधी स्टॅटिनची मात्रा वाढवून वाईट कोलेस्टेरॉल ६८ वरून ५५ च्या खाली आणू, मग पाहू, असे ठरले. साडूंनी तो कागदही पिशवीत तारखेच्या जागी लावला आहे.